कंपनीच्या दाव्यावर क्रेडिट मॅनेजरची सही, ठराव मात्र २०१९ चा. आता त्यावरच वादमुद्दा निघालाय

खतावणी
नमस्कार. मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघते. कोर्टाच्या फायली सांभाळायला वेगळं माणूस नाही म्हणून त्याही माझ्याकडेच आल्या आहेत.

आम्ही मशीनचे सुटे भाग पुरवतो. एका गिऱ्हाइकाकडे २३ लाख ४० हजार अडकलेत. शेवटचा माल ११ सप्टेंबर २०२२ ला गेला. आधी मध्यस्थीचा अर्ज केला, समोरचे आलेच नाहीत. मग २० ऑगस्ट २०२५ ला कमर्शियल कोर्टात वसुलीचा दावा लावला. दाव्यावर सही, खाली सत्यापन आणि सोबतचं स्टेटमेंट ऑफ ट्रुथ, तिन्ही आमच्या क्रेडिट मॅनेजरचं. वकीलपत्रावर मात्र एमडींची सही आहे.

प्रतिवादीच्या कैफियतीत पहिलाच आक्षेप असा: "दावा अधिकृत व्यक्तीने दाखल केलेला नाही, सबब रद्द व्हावा." कोर्टाने त्यावर स्वतंत्र वादमुद्दा काढला आणि तो शाबीत करायची जबाबदारी आमच्यावर टाकली.

आमच्याकडे कागद दोन. एक, २०१९ चा संचालक मंडळाचा ठराव. त्यात "संचालक श्री. अ यांना कंपनीच्या वतीने दावे लावण्याचे, वकील नेमण्याचे व असे अधिकार दुसऱ्यास देण्याचे अधिकार" असं आहे. दोन, एमडींनी लेटरहेडवर क्रेडिट मॅनेजरला दिलेलं प्राधिकारपत्र, २ जून २०२५ चं. गोची अशी की श्री. अ मार्च २०२३ मध्येच संचालकपद सोडून गेले.

वकीलसाहेबांना फोन केला की म्हणतात, "ठराव पाठवा." कोणता, ते सांगत नाहीत. सरतपासणीचं शपथपत्र द्यायची तारीख तीन आठवड्यांवर आहे. काय शोधू, काय नेऊ?

रोखठोक
उगाच घाबरताय ताई. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर २९ नियम १ वाचा. कंपनीचा सेक्रेटरी, कुठलाही संचालक किंवा प्रमुख अधिकारी दाव्यावर सही करू शकतो. ठरावाचा त्यात शब्दसुद्धा नाही. क्रेडिट मॅनेजर म्हणजे अधिकारीच की. एवढं कोर्टात सांगितलं की विषय संपला.

सोसायटीचा_चेअरमन
आमच्याकडे हेच झालं होतं! थकबाकीदाराविरुद्ध अर्ज केला, सही सेक्रेटरींची, तो म्हणतो कमिटीचा ठराव दाखवा. आम्ही सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवला. तुम्हीही तुमच्या सभासदांची सभा घ्या, सगळ्यांच्या सह्या घ्या, काम तमाम.

निशाणी_क्र_४१
चेअरमनसाहेब, सोसायटीही कायद्याने निगम संस्थाच आहे, तेव्हा गाडी अगदीच वेगळ्या रस्त्यावर नाही. पण कंपनीत रोजचा कारभार संचालक मंडळ बघतं, भागधारक नव्हे. दाव्यासाठी भागधारकांची सभा बोलावण्याचं इथे काही कारण नाही.

रोखठोक, तुम्ही अर्धं बरोबर आहात, आणि लोक नेमके याच अर्ध्यावर अडकतात. ऑर्डर २९ नियम १ एवढंच सांगतो की दाव्याच्या कागदावर कंपनीतर्फे सही व सत्यापन कोण करू शकतो. दावा लावायचा की नाही, हे कंपनीच्या वतीने कोणी ठरवायचं, हा प्रश्न तो नियम सोडवत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने निब्रो लिमिटेडच्या निकालात (एआयआर १९९१ दिल्ली २५) हा फरक स्पष्ट केला आहे, आणि प्रतिवादीचे वकील तोच काढून बसलेले असतात. तिसरा प्रश्न वकीलपत्राचा. त्याला ऑर्डर ३ नियम ४ लागतो, आणि तिथे सही करणाऱ्याला वकील नेमण्याचा अधिकार होता का, एवढंच बघतात.

म्हणजे ताई, तुमच्या फाइलमध्ये प्रश्न तीन आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असू शकतात. "ठराव पाठवा" म्हटल्यावर तुमचा गोंधळ झाला, कारण वकीलसाहेबांनी तिन्ही एकाच शब्दात गुंडाळले.

शिवाय तुमचा दावा कमर्शियल कोर्टातला. तिथे ऑर्डर ६ मध्ये नियम १५अ आहे. स्टेटमेंट ऑफ ट्रुथ करणारा पक्षकार स्वतः नसेल, तर त्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि त्याला रीतसर अधिकार दिलेला आहे, या दोन्ही गोष्टींबद्दल कोर्टाचं समाधान व्हावं लागतं. त्यामुळे "अधिकारी आहे की" एवढ्यावर तिथे तरी भागत नाही.

रोखठोक
बरं. पण मग युनायटेड बँकेच्या निकालाचं काय? सुप्रीम कोर्टाने सरळ म्हटलंय की असल्या तांत्रिक कारणावरून दावा उडवू नका.

निशाणी_क्र_४१
म्हटलंय ना, आणि तो निकाल (युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध नरेश कुमार, १९९६) ताईंच्या बाजूचाच आहे. बँकेच्या अधिकाऱ्याने दाव्यावर सही केली होती, अधिकारपत्र शाबीत झालं नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं की मुळाशी न जाणाऱ्या प्रक्रियेच्या दोषापायी खऱ्या हक्काचा बळी देऊ नये. कंपनीने तो दावा इतकी वर्षं चालवला, यावरूनच तिने त्या अधिकाऱ्याच्या सहीला मान्यता दिली असं समजता येतं. आणि तरीही शंका उरली असेल, तर अपिलाच्या कोर्टाने ऑर्डर ४१ नियम २७ खाली योग्य अधिकारपत्र मागवायला हवं होतं, किंवा साक्ष घ्यायला हवी होती.

पण २०११ चा स्टेट बँक ऑफ त्रावणकोर विरुद्ध किंग्स्टन कॉम्प्युटर्स वाचा. तिथे सही करणाऱ्याकडे होतं काय, तर सीईओने दिलेलं एक पत्र. संचालक मंडळाने दावा लावण्याचा अधिकार दिला, किंवा सीईओला तो पुढे देण्याचा अधिकार होता, असा एकही कागद आला नाही. दावा गेला. ताई, तुमचं २ जूनचं लेटरहेड आणि ते पत्र यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध आहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्यात कंपनीची मान्यता कुठून तरी दिसत होती. दुसऱ्यात पुरावा द्यायची पुरेपूर संधी असूनही मंडळाचा कागदच पुढे आला नाही. तुमची फाइल सध्या दुसऱ्याच्या जवळ उभी आहे. तिला पहिल्याकडे न्यायला अजून वेळ आहे.

खतावणी
वाचून पोटात गोळा आला. आमच्या एका संचालकांचं म्हणणं असं की ऑगस्टच्या आधीच्या तारखेचा एक ठराव मिनिट बुकात "घालून" टाकू. तसंही तेव्हा तोंडी ठरलंच होतं, म्हणे.

सचिव_पण_सरकारी_नव्हे
नको. नको. नको.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, आणि ही सूचना मला वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळते. इतिवृत्ताची पानं अनुक्रमांकित असतात. सभेचं इतिवृत्त ३० दिवसांत वहीत यावं लागतं. प्रत्येक सभेची हजेरी वेगळी असते, सभेची सूचना ईमेलने गेलेली असते. उलटतपासणीत विचारतील, "या सभेची नोटीस कुठे आहे?" पुढचा प्रश्न, "तेव्हा तुमचे एक संचालक परदेशात होते ना?" मग पासपोर्ट मागवतील. इतिवृत्तात फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर कंपनी कायद्याच्या कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते १ लाख दंड. आणि तो एक कागद खोटा निघाला की तुमच्या खऱ्या बिलांवरही कोर्टाचा विश्वास राहणार नाही.

तोंडी ठरलं होतं, तर ते आजच्या तारखेला खरं खरं लिहा. मंडळाची सभा घ्या, किंवा कलम १७५ प्रमाणे ठराव फिरवून मंजूर करा. मजकुरात म्हणा: अमुक तारखेला अमुक कोर्टात अमुक क्रमांकाचा दावा दाखल झाला आहे; तो कंपनीच्या संमतीने दाखल झाला; क्रेडिट मॅनेजर यांनी केलेली सही, सत्यापन व स्टेटमेंट ऑफ ट्रुथ, आणि एमडींनी केलेलं वकीलपत्र यांस मंडळ मान्यता देते; यापुढे साक्ष देणं, अर्ज करणं, तडजोड करणं यांचे अधिकार अमुक व्यक्तीला. तारीख आजची. लपवायचं काही नाही.

पण त्याआधी एक काम करा. एमडींच्या नेमणुकीचा ठराव आणि त्यांच्याशी केलेला करार काढा. सोबत आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. एमडी म्हणजे ज्याच्याकडे कारभाराचे भरीव अधिकार सोपवलेत असा संचालक, आणि ते अधिकार येतात याच कागदांतून. कित्येकदा "कोर्टकज्जे करणे, वकील नेमणे" असं एक कलम त्या कराराच्या पाचव्या पानावर झोपलेलं असतं आणि कोणी बघत नाही.

वादी_मीच
माझं उलटं झालं होतं. आम्ही प्रतिवादी होतो. कैफियत वेळेत दिली, पण सही केली वसुलीच्या माणसाने, आणि वकीलपत्रावर कोणाची सही ते आम्हालाच वाचता येईना. नाव नाही, हुद्दा नाही, शिक्का नाही, नुसती नागमोडी रेघ. वादीने हरकत घेतली. कोर्टाने एक तारीख दिली, आम्ही नवं वकीलपत्र आणि ठराव दिला, कैफियत वाचली. पण त्या तारखेच्या आदल्या रात्री झोप नव्हती. १२० दिवसांची मुदत उलटून गेली होती, आणि कैफियतच रद्द झाली असती तर दुसरी देता आली नसती.

निशाणी_क्र_४१
हो, आणि त्याचा आधार उदय शंकर त्रियार (२००६) हा निकाल. वकीलपत्रात नाव-हुद्दा नसणं, सोबत अधिकाराची प्रत नसणं, वकिलाने स्वीकृतीची सही न करणं, हे दोष तिथे एकेक करून मांडले आहेत आणि ते दुरुस्त होऊ शकतात असं म्हटलंय. पण दाखवून देऊन, संधी देऊनही दुरुस्त केले नाहीत तर सवलत नाही. दोष मुद्दाम ठेवला असेल तरीही नाही. अपिलाच्या बाबतीत, अपीलकर्त्याच्या नकळत आणि संमतीशिवायच अपील दाखल झालं असेल तरीही नाही.

ताई, "दाखवून देऊनही" हे शब्द तुमच्यासाठी. प्रतिवादीने कैफियतीत हरकत घेतली, कोर्टाने वादमुद्दा काढला, म्हणजे दोष तुम्हाला दाखवला गेला. आता "कळलं नव्हतं" म्हणता येणार नाही.

खतावणी
मिळालं! एमडींचा करार २०२१ चा, मंडळाच्या ठरावाने मंजूर झालेला. कलम ७ मध्ये: "कंपनीच्या वतीने दावे, फिर्यादी व इतर कार्यवाही दाखल करणे, चालविणे, बचाव करणे, वकील नेमणे." पण पुढे दुसऱ्याला अधिकार देण्याबद्दल एक अक्षर नाही. २०१९ च्या ठरावात ते होतं, पण ते श्री. अ यांच्यासाठी.

निशाणी_क्र_४१
फार बरं झालं. आता तुमचा कोट एकेका टाक्याने जोडू.

वकीलपत्र एमडींचं, आणि त्यांना वकील नेमण्याचा अधिकार २०२१ पासून आहे. ती बाजू सुटली. फक्त सहीखाली नाव व हुद्दा आहे का ते पाहा. नसेल तर नवं वकीलपत्र द्या, जुनं तसंच राहू द्या.

दावा लावायचा निर्णय एमडींचा. त्यांच्याकडे "दाखल करणे" हा अधिकार आहे आणि २ जूनचं पत्र दाखवतं की त्यांनी तो प्रत्यक्षात वापरला. म्हणजे ते पत्र अधिकार *देणारा* कागद म्हणून लंगडं असलं, तरी एमडींनी दावा लावायचं ठरवलं होतं याचा पुरावा म्हणून कामाचं आहे. किंग्स्टनपासून तुम्ही इथे वेगळे पडता, कारण तिथे सीईओच्या मागे मंडळाचा कागदच नव्हता. तुमच्या एमडींच्या मागे आहे.

उरलं काय, तर दाव्यावर आणि स्टेटमेंट ऑफ ट्रुथवर क्रेडिट मॅनेजरची सही. एमडींना अधिकार पुढे देता येत नसेल, तर ती सही नियम १ मधल्या "प्रमुख अधिकारी" या शब्दावर उभी राहते. क्रेडिट मॅनेजर तेवढा वरचा आहे की नाही, यावर वाद घालता येईल. मी तो वाद घालत बसणार नाही. मंडळाचा मान्यतेचा ठराव तर घ्याच, शिवाय एमडींनी दाव्यावर सही व सत्यापन करण्याची आणि नवं स्टेटमेंट ऑफ ट्रुथ देण्याची परवानगी मागणारा अर्ज करा. आधीची सही खोडायची नाही, तिच्या जोडीला ही.

उलटतपास
मी बहुतेक वेळा समोरच्या बाजूला असतो, तेव्हा दोन शब्द तिकडून.

पहिलं. ठराव जानेवारीत घ्याल, पण तुमच्या पैशाची तीन वर्षांची मुदत ११ सप्टेंबर २०२५ च्या आसपास संपली, मध्यस्थीचे दिवस वजा करून आणखी थोडी पुढे. मी म्हणेन की मुदत संपल्यावर दिलेल्या मान्यतेने मुदतबाह्य दावा जिवंत होत नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त आवडेल. तुमचे क्रेडिट मॅनेजर कंपनीत कधी लागले?

निशाणी_क्र_४१
पहिल्याला माझं उत्तर असं की दावा कंपनीच्या नावाने मुदतीतच दाखल झालाय. दोष सहीचा. तो दुरुस्त झाला की दावा मूळ तारखेपासूनच चांगला धरला जातो, आणि युनायटेड बँकेत पार अपिलात कागद मागवायला सांगितलं गेलं ते याच तर्काने. शिवाय इथे एमडींचा अधिकार मुदतीच्या आतलाच आहे.

उलटतपास
एमडींचा कागद सापडल्यामुळे तुम्ही वाचाल, मान्य. पण समजा तो नसता आणि नुसता मुदतीनंतरचा ठराव असता, तर मी हा मुद्दा सोडला नसता. कंपनीने मुदतीच्या आत दावा लावायचं ठरवलंच नव्हतं, असं म्हणालो असतो.

निशाणी_क्र_४१
म्हणाला असतात. मीही भांडलो असतो. या एका मुद्द्यावर आपण दोघे कोर्टाच्या कँटीनमध्येही एकमत होणार नाही.

खतावणी
क्रेडिट मॅनेजर फेब्रुवारी २०२३ ला लागले. का?

उलटतपास
वाटलंच. आता सत्यापनाचा मजकूर वाचा. बहुतेक वेळा छापील असतो: "परिच्छेद १ ते २२ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे." माल गेला सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे माणूस कंपनीत नसताना ऑर्डर आली, माल गेला, पोच मिळाली, आणि हे सगळं त्याने "व्यक्तिगत माहितीने" खरं ठरवलं. माझा पहिला प्रश्न हजेरीचा नसेल, नेमणूकपत्राचा असेल. ठराव सोन्याचा असला तरी तिथे उपयोगाचा नाही. अधिकाराबरोबर वस्तुस्थितीची माहितीही लागते हे वर निशाणीसाहेबांनी सांगितलंच आहे. ऑर्डर २९ मध्येही "खटल्यातील वस्तुस्थितीबद्दल साक्ष देऊ शकणारा" असेच शब्द आहेत.

खतावणी
पाहिलं. हुबेहूब तेच वाक्य आहे. आकडा फक्त १ ते १९.

सचिव_पण_सरकारी_नव्हे
ताई, हे दुरुस्त होण्यासारखं आहे. ऑर्डर ६ नियम १५ सांगतो की कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कुठले मिळालेल्या माहितीवरून खरे समजतो, हे परिच्छेदांचे आकडे देऊन वेगळं लिहायचं. आता एमडी नवं सत्यापन करणारच आहेत, तर ते नीट वाटून करा. कंपनी, नोंदणी, कराराची बोलणी, नोटीस हे परिच्छेद त्यांच्या स्वतःच्या माहितीतले. माल पोचल्याची पोच, ई-वे बिल, खात्याचा उतारा हे कंपनीच्या नोंदींवरून. कायद्याचे आणि अधिकारक्षेत्राचे परिच्छेद वकिलांच्या सल्ल्यावरून. २०२२ मध्ये प्रत्यक्ष गोदामातून माल पाठवणारा माणूस अजून नोकरीत आहे का?

खतावणी
आहे. स्टोअर्सचे काका, १४ वर्षं झाली. पण त्यांना कोर्टाची भीती वाटते, आणि ते "साधे" कर्मचारी आहेत.

निशाणी_क्र_४१
सही करायला अधिकार लागतो, साक्षीला लागते ती माहिती. काकांनी दाव्यावर सही केलेली नाही, आणि त्यांच्या साक्षीला ठराव लागत नाही. साक्षीदार दोन ठेवा: एमडी अधिकाराबद्दल आणि कराराबद्दल, काका मालाबद्दल. क्रेडिट मॅनेजरला पिंजऱ्यात आणायचं का, हे वकीलसाहेबांनी ठरवावं. मी असतो तर खात्याच्या उताऱ्यापुरतं आणलं असतं, कारण तो त्यांच्या काळातला आहे आणि तेवढं ते ठामपणे बोलतील.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ठरावाची नुसती झेरॉक्स यादीत लावून तिला पुरावा म्हणून निशाणी पडणार नाही, पडली तरी हरकतीसह पडेल. एमडींनी साक्षीला येताना मूळ मिनिट बुक आणावं, कोर्टाला दाखवावं, प्रमाणित प्रत दाखल करावी आणि वही परत न्यावी. शपथपत्रात त्या ठरावाची तारीख, सभा क्रमांक आणि पान क्रमांक लिहावा.

सचिव_पण_सरकारी_नव्हे
आणि ती प्रमाणित प्रत क्रेडिट मॅनेजरने स्वतः प्रमाणित करू नये. "मला अधिकार आहे असं मीच प्रमाणित करतो" असं दिसतं. एखादा दुसरा संचालक किंवा सेक्रेटरी असेल तर त्यांची सही घ्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर कंपनीच्या संचालकांची यादी काढून बघा, प्रमाणित करणारा आणि ठरावाच्या सभेला हजर असलेले त्या तारखांना खरंच संचालक होते ना. श्री. अ यांचा राजीनामा मार्च २०२३ चा आहे, पण तिथे तो कोणत्या तारखेपासून दिसतो तेही बघा. फॉर्म उशिरा भरला असेल तर तारखांचा घोळ सापडतो आणि तो उलटतपासकाका सोडणार नाहीत.

उलटतपास
काका नाही, दादा चालेल.

सोसायटीचा_चेअरमन
म्हणजे आमच्या सोसायटीच्या अर्जावरही सेक्रेटरींनी सगळे परिच्छेद "व्यक्तिगत माहिती" म्हणून लिहिले होते. ते तर गेल्याच वर्षी राहायला आले.

निशाणी_क्र_४१
चेअरमनसाहेब, तुमचा अर्ज कुठे चालू आहे आणि साक्ष झाली का, ते वेगळ्या धाग्यात सांगा. इथे ताईंची तारीख जवळ आली आहे.

वादी_मीच
एक शंका. चेक न वटल्याची फिर्याद असती तर एवढं सगळं लागलं असतं का? आमचीही एक पडून आहे.

निशाणी_क्र_४१
तिथेही फिर्यादी कंपनीच असते आणि तिच्यातर्फे कोणीतरी उभं राहतं. पण सुप्रीम कोर्टाचा कल तिथे आणखी सैल आहे. एमएमटीसी विरुद्ध मेडचल (२००२) मध्ये म्हटलंय की सुरुवातीला अधिकार नसला तरी नंतरच्या टप्प्यावर कंपनी तो दोष दुरुस्त करू शकते. अधिकृत व्यक्ती म्हणून फिर्याद देणाऱ्याला व्यवहाराची माहिती आहे हे फिर्यादीत मात्र लिहावं लागतं. पुन्हा तोच माहितीचा प्रश्न.

खतावणी
सगळ्यांचे आभार. आज हे झालं:

मंडळाच्या सभेची सूचना गेली, सभा पुढच्या बुधवारी. मान्यतेचा ठराव सचिवताईंनी सांगितला तसाच, सभेच्याच तारखेने. मिनिट बुकात मागे काही "घालायचं" म्हणणारे संचालक हजेरी आणि पासपोर्टचं ऐकून गप्प बसले. वकीलपत्रावर एमडींची सही आहे पण खाली नाव नाही, तेव्हा नवं वकीलपत्र टाईप करून ठेवलं. वकीलसाहेबांना करार दाखवला तर ते म्हणाले, "हाच तर मागत होतो मी." त्यावर मी काही बोलले नाही.

एमसीएवर श्री. अ यांचा राजीनामा मार्च २०२३ चाच दिसतो. स्टोअर्सचे काका तयार झालेत, फक्त विचारत होते की वकील रागावून बोलतात का.

एकच अडलंय. एमडींनी नव्याने सही करायला परवानगीचा अर्ज दिला तर प्रतिवादी म्हणेल की आधीची सही चुकीची होती हे तुम्हीच कबूल केलं. तो अर्ज द्यायचा की नुसता ठराव पुरे?

उलटतपास
मी तेच म्हणेन.

निशाणी_क्र_४१
अर्जात "आधीची सही चुकीची होती" असं कुठेही लिहू नका. "आधीची सही योग्य आहे हे म्हणणे न सोडता, वाद टाळण्यासाठी" असे शब्द घाला. मी दिला असता. माझ्या ओळखीतले दोन चांगले वकील म्हणतील देऊ नका, एमडींचा करार आणि ठराव पुरेसा आहे, आणि तेही चूक नसतील. निर्णय तुमच्या वकीलसाहेबांचा. बुधवारनंतर त्यांच्यापुढे करार, ठराव आणि नवीन सत्यापनाचा मसुदा एकत्र ठेवा. आणि काकांना सांगा, रागावलेल्या वकिलाला हळू आवाजात उत्तर द्यायचं.